साडेदहा किलोची लॅम्पशेड

मागच्या महिन्यात मी एका मैत्रिणीला कागदी लॅम्पशेड कुरिअरने पाठवली. खोक्यासकट तिचे वजन घरच्या काट्यावर २ किलो ६०० ग्रॅम भरले होते. बिल आले तेव्हा त्यात प्रत्यक्ष वजन २.६ किलो असेच लिहिलेले होते, पण त्याच्या शेजारच्या रकान्यात आकारणीचे वजन १०.५ किलो होते आणि पैसे त्या वजनाने लावलेले होते. अशा वेळी आपण एक तर फसवणूक झाली म्हणून संतापतो, नाही तर कंपनीचा काहीतरी नियम असेल म्हणून मुकाट्याने पैसे भरतो. या दोन्हींच्या मध्ये एक तिसरी वाट आहे आणि ती साध्या गुणाकार-भागाकाराची आहे. माझ्या बिलाच्या बाबतीत ती कुठपर्यंत गेली, ते इथे सविस्तर लिहीत आहे.

आधी मूळ हिशेब. कुरिअरवाले खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये घेतात, तिन्हींचा गुणाकार करतात आणि त्याला एका ठरलेल्या आकड्याने भागतात. हा भाजक बहुतेक ठिकाणी ५००० असतो, काही ठिकाणी ६००० किंवा ४००० सुद्धा असतो. भागाकार करून जे उत्तर येते ते व्हॉल्यूमेट्रिक वजन. ते आणि काट्यावरचे वजन यांपैकी जे जास्त असेल ते आकारणीसाठी धरले जाते आणि शेवटी पुढच्या अर्ध्या किंवा पूर्ण किलोपर्यंत वर नेले जाते. माझा खोका ४० × ३५ × ३० सेंटिमीटरचा होता. म्हणजे ४२,००० घन सेंटिमीटर, भागिले ५०००, बरोबर ८.४ किलो, आणि वर नेल्यावर साडेआठ किलो. हा हिशेब मी बुकिंगच्या वेळीच केलेला होता आणि साडेआठ किलोचे पैसे भरायची माझी तयारी होती.

ही पद्धतच लुबाडणुकीची आहे असे मला वाटत नाही, हे आधीच स्पष्ट करते. गाडी किंवा विमान दोन तऱ्हांनी भरते: एक वजनाने आणि दुसरे जागेने. पुस्तकांचे खोके रचले तर जागा शिल्लक असतानाच वजनाची मर्यादा गाठली जाते. उशा, लॅम्पशेड, थर्माकोल भरले तर गाडी गच्च दिसते आणि वजन मात्र नाममात्र असते. ज्याने जागा अडवली त्याने जागेचे पैसे द्यावेत, हे न्यायाचेच आहे. ५००० हा भाजक म्हणजे प्रत्यक्षात असे गृहीतक आहे की एका घनमीटर जागेत २०० किलो माल मावायला हवा. त्याहून हलका माल असेल तर आकारणी जागेने, जड असेल तर वजनाने. माझ्या खोक्याच्या मापाने हिशेब केला तर घनमीटरला जेमतेम ६२ किलो पडत होते, तेव्हा जागेचे पैसे लागणार हे उघडच होते. पैसे का लागले, याबद्दल माझी तक्रार नव्हती. साडेआठाचे साडेदहा कसे झाले, एवढाच माझा प्रश्न होता.

बिलात मापे नव्हती. फक्त अंतिम आकडा होता, आणि या व्यवहारातला खरा अन्याय मला तिथे दिसतो. तीन मापे आणि एक भाजक छापायला अर्धी ओळ पुरते, पण ती नसली की ग्राहकाला हिशेब पडताळायला काहीच हाती राहत नाही. तरीही उलटा हिशेब करून बघता येतो आणि मी तो केला. ४२,००० ला ४००० ने भागले तर उत्तर येते नेमके १०.५. हे दिसल्याबरोबर माझी खात्रीच पटली की दरपत्रकात ५००० लिहून यांनी बिलात ४००० लावले. त्याच तावात मी पहिला मेल लिहिला आणि त्यात सरळ आरोप केला.

तो आरोप चुकीचा होता. आकडा जुळला म्हणजे कारण सापडले असे होत नाही, हे मी विसरले होते. भाजक ५०००च असेल आणि माप जास्त घेतले गेले असेल, तरीसुद्धा १०.५ येऊ शकते. त्यासाठी खोक्याचे आकारमान ५०,००० च्या वर आणि ५२,५०० पर्यंत कुठेही असले की पुरे. म्हणजे एकाच बिलाची दोन स्पष्टीकरणे समोर होती, आणि तिन्ही मापे समोर आल्याशिवाय त्यांतले खरे कोणते हे ठरवण्याचा मार्ग नव्हता. म्हणून दुसऱ्या मेलमध्ये आरोप काढून टाकला आणि मजकूर एवढाच ठेवला: ‘या पावती क्रमांकाच्या पार्सलची आपल्या केंद्रावर नोंदवलेली लांबी, रुंदी व उंची, लावलेला भाजक, आणि माप घेतानाचा फोटो कृपया पाठवावा. मी बुकिंगच्या वेळी घेतलेले मापाचे फोटो सोबत जोडत आहे. ८.५ किलोपर्यंतची रक्कम मला मान्य आहे. त्यावरील २ किलोच्या रकमेबद्दल माझा आक्षेप आहे.’

शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे. संपूर्ण बिल नाकारले की प्रकरण वसुलीकडे जाते आणि मापाचा मुद्दा बाजूला पडतो. नेमक्या किती वजनावर आक्षेप आहे हे लिहिले की उत्तर देणाऱ्यालाही तेवढेच तपासावे लागते. दुसरी गोष्ट म्हणजे मुदत. आक्षेप किती दिवसांत नोंदवायचा हे कंपनीच्या अटींमध्ये लिहिलेले असते, ती मुदत बहुधा थोडकीच असते, आणि ती उलटली की बिल मान्य आहे असे धरले जाते. त्यामुळे बिल आले त्याच दिवशी उलटा हिशेब करून बघणे शहाणपणाचे.

चार दिवसांनी उत्तर आले. भाजक ५०००च होता. नोंदवलेली मापे होती ४० × ४० × ३२, म्हणजे ५१,२०० घन सेंटिमीटर, भागिले ५०००, बरोबर १०.२४, म्हणून साडेदहा. आता वाद फक्त दोन मापांचा उरला: रुंदी ३५ ची ४० झाली होती आणि उंची ३० ची ३२.

सोबत आलेला फोटो मी मोठा करून पाहिला. मोठ्या केंद्रांवर पट्ट्यावरून सरकणारे पार्सल यंत्र वरून मोजते, आणि ते यंत्र खोका मोजत नाही. पार्सलचा जो भाग सगळ्यांत बाहेर आलेला असेल तिथपर्यंत एक काल्पनिक चौकोनी पेटी आखते आणि त्या पेटीची मापे नोंदवते. फोटोत माझ्या खोक्याच्या एका कडेला कागदपत्रांचे प्लॅस्टिकचे पाकीट अर्धे सुटून बाहेर लोंबत होते. ते पाच सेंटिमीटरचे पाकीट यंत्राने रुंदीत धरले होते. उंचीचे मात्र त्यांचे म्हणणे बरोबर होते. लॅम्पशेड हलू नये म्हणून मी आत कागदाचे बोळे इतके ठासून भरले होते की झाकण मधोमध वर फुगले होते, आणि मोजायची टेप मी लावली होती ती कडेला, फुगवट्यावर नाही. मैत्रिणीने खोका टाकून दिलेला नव्हता, म्हणून तिला टेप आडवी धरून फोटो पाठवायला सांगितले. रुंदी ३५ भरली, आणि मधोमध उंची ३२.

म्हणजे योग्य माप होते ४० × ३५ × ३२, आकारमान ४४,८०० आणि वजन ८.९६, म्हणजे नऊ किलो. माझे साडेआठही खरे नव्हते आणि त्यांचे साडेदहाही नव्हते. मी तिसऱ्या मेलमध्ये उंची मान्य केली, रुंदीचा पुरावा जोडला आणि दीड किलोची रक्कम परत मागितली. सुधारित बिल नऊ किलोचे आले. उंचीची चूक स्वतःहून मान्य केल्यामुळे रुंदीवर हुज्जत झाली नाही, असे मला वाटते.

आता पार्सल पाठवताना मी फोटो वेगळ्या पद्धतीने काढते. नुसता टेप धरलेला फोटो उपयोगाचा नसतो, कारण तो कोणत्याही खोक्याचा असू शकतो. प्रत्येक फोटोत टेपचे शून्याचे टोक आणि शेवटचा आकडा दोन्ही दिसले पाहिजेत, आणि पावती क्रमांकाचे चिकटवलेले लेबल त्याच चौकटीत आले पाहिजे. असे तीन बाजूंचे तीन आणि काट्यावरचा चौथा. माप खोक्याच्या बाहेरून घ्यायचे आणि जिथे सगळ्यांत जास्त भरेल तिथे घ्यायचे. खोका विकत घेताना त्यावर छापलेले माप पुष्कळदा आतले असते, ते धरून हिशेब केला की चुकतोच. आणि पाकीट चारही कडांनी चिकटवायचे.

ज्यांना नियमित पार्सले पाठवावी लागतात त्यांच्यासाठी एक मुद्दा आवर्जून लिहिते, कारण इथे छोट्या व्यावसायिकांचे बरेच पैसे जाताना मी पाहिले आहेत. दर ठरवताना सगळी घासाघीस प्रतिकिलो दरावर होते आणि भाजकाविषयी कोणी विचारतच नाही. भाजक हा काही कायद्याने ठरलेला आकडा नाही. दरासारखीच तीही कराराची अट आहे, आणि अमेरिकेत २०१७ साली मोठ्या कुरिअर कंपन्यांनी तो इंच-पौंडांच्या हिशेबात १६६ वरून १३९ वर आणला तेव्हा केवळ त्या बदलाने हलक्या मालाचे आकारणीचे वजन जवळपास एकोणीस टक्क्यांनी वाढले. समजा एक कंपनी तुम्हाला दरात दहा टक्के सूट देते, पण तिचा भाजक ४००० आहे, आणि दुसरी सूट देत नाही, पण तिचा भाजक ५००० आहे. हलक्या मालासाठी पहिलीकडे वजन सव्वापट होते. सव्वाचे नव्वद टक्के म्हणजे १.१२५. सूट घेऊनही तुम्ही साडेबारा टक्के जास्त भरता. तेव्हा दरपत्रक मागताना भाजक किती, वजन अर्ध्या किलोने वर नेता की पूर्ण किलोने, आणि एकाच पावतीवर अनेक खोके असतील तर वर नेणे प्रत्येक खोक्याचे होते की एकूण वजनाचे, हे तीन प्रश्न लेखी विचारावेत. मोठ्या ग्राहकांना वेगळा भाजक मिळतो. लहान ग्राहकाने मागितला तर नकार येईल, पण निदान कोणत्या भाजकावर आपण सही करत आहोत हे तरी कळेल.

मैत्रिणीने तशीच दुसरी लॅम्पशेड मागवली आहे. शेड जेमतेम २४ सेंटिमीटर उंचीची आहे, म्हणून या वेळी खोक्याच्या कडा कापून बाहेरची उंची २८ केली, बोळे कमी भरले आणि झाकणावर पट्टी आडवी ठेवून ते सपाट आहे याची खात्री केली. ४० × ३५ × २८ म्हणजे ३९,२०० घन सेंटिमीटर, ७.८४, आणि वर नेल्यावर आठ किलो. चार फोटो काढून ठेवले आहेत.