होमपेजला नव्वद गुण म्हणजे साइट वेगवान नव्हे

«लाइटहाउसमध्ये होमपेजला 90 च्या वर गुण मिळाले की साइट वेगवान. इमेजेस कॉम्प्रेस करा, सगळ्यांना lazy लावा, विषय संपला. परफॉर्मन्स बजेट हे मोठ्या कंपन्यांचे चोचले.»

हा मजकूर फिरत फिरत आमच्या मार्केटिंगवाल्यांपर्यंत पोचला आणि त्यांनी त्याची कामाची यादीच केली, म्हणून हे लिहिणं आलं. लाइटहाउस म्हणजे पेजचा वेग तपासून शंभरपैकी गुण देणारं गूगलचं साधन.

सर्वात घातक सल्ला 'सगळ्यांना lazy', म्हणजे प्रत्येक फोटो दिसायची वेळ आली की मगच मागवायचा. प्रॉडक्ट पेजवर पहिल्या स्क्रीनमधला वस्तूचा मोठा फोटो हाच बहुतेकदा LCP घटक, म्हणजे स्क्रीनवरचा सर्वात मोठा घटक असतो. त्याला `loading="lazy"` लावलं, की ब्राउझर आधी CSS मिळवून लेआउट ठरवतो, फोटो दिसणार याची खात्री करतो, आणि मग मागवतो.

समजा LCP, म्हणजे तो घटक दिसायला लागणारा वेळ, 3.8 सेकंद आहे: सर्व्हरचा पहिला बाइट यायला 0.8, फोटो मागवेपर्यंत 1.6, तो उतरायला 0.9 आणि स्क्रीनवर उमटायला 0.5. कॉम्प्रेस करून फोटो निम्मा केला तरी वाचतात जेमतेम 0.45 सेकंद. उलट मधला 1.6 चा खोळंबा 0.2 वर आणला, तर LCP थेट 2.4 होतो, म्हणजे गूगलच्या 2.5 सेकंदांच्या मर्यादेत. त्यासाठी lazy काढून एवढंच पुरतं:

```html
<img src="product-front.webp" width="800" height="800"
     fetchpriority="high" alt="समोरील बाजू">
```

`width` आणि `height` दिल्यामुळे जागा आधीच राखली जाते, खालचा मजकूर उडी मारत नाही. गॅलरीतले बाकीचे आणि स्क्रीनखालचे फोटो खुशाल lazy ठेवा. कॉम्प्रेशनचा सल्ला चूक नाही, हे मान्य. पण आजार भलतीकडेच आहे.

गुणांबद्दल. लाइटहाउस पेज उघडून मोजतो, फिल्टरवर क्लिक करत नाही. यादीच्या पेजवर एक खूण केली की शेकडो कार्ड नव्याने रंगवली जातात आणि पेज गोठतं. ते INP मध्ये, म्हणजे क्लिकनंतर पेज प्रतिसाद द्यायला किती वेळ घेतं त्या मापात दिसतं, आणि INP मार्च 2024 पासून कोअर वेब व्हायटल्समध्ये, म्हणजे गूगलच्या तीन मुख्य मापांमध्ये आहे. गूगलच्याच व्याख्येनुसार निकाल 75 व्या पर्सेंटाइलवर लागतो, म्हणजे चारपैकी तीन भेटी मर्यादेत हव्यात: LCP 2.5 सेकंद, INP 200 मिलिसेकंद, आणि मजकूर किती उडी मारतो ते मोजणारा CLS 0.1. तोही खऱ्या वापरकर्त्यांच्या 28 दिवसांच्या आकड्यांवर. त्यामुळे आज केलेली दुरुस्ती उद्या तिथे पूर्ण दिसणार नाही, घाबरू नका.

आणि बजेटचे चोचले? परफॉर्मन्स बजेट म्हणजे पेजवर जास्तीत जास्त किती उतरू द्यायचं याची आधी ठरवलेली मर्यादा. होमपेज, यादी, प्रॉडक्ट या तिन्ही प्रकारांचं एकेक पेज निवडा आणि त्यावर आज किती जावास्क्रिप्ट उतरते ते नोंदवा. प्रॉडक्ट पेजवर 260 केबी असेल तर तीच कमाल मर्यादा, आणि बिल्डमध्ये ती ओलांडली की मर्ज अडला पाहिजे. टॅग मॅनेजरमधून येणारा चॅट विजेट मात्र बिल्डला दिसत नाही. म्हणून मोजणी लाइव्ह पेजवरही करा. विजेट 80 केबीचा असेल, तर तेवढं काय काढायचं हे मागणाऱ्यानेच सांगावं.