‘पप्पांनी मागवली’ म्हणाला तरी मुलाला सिगारेट देता येत नाही

“सुट्या सिगारेटवर बंदी नाही, कायद्यात तो शब्दच नाही. पोरगं घरच्यांसाठी न्यायला आलं तर गुन्हा होत नाही, वय विचारणं दुकानदाराचं काम नाही. फार तर 200 रुपये दंड. तपासणी म्हणजे नुसती वसुली. सर्व दुकानदार बांधवांना पाठवा.”

हा मेसेज माझ्या चुलतभावाने घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, “बरं झालं, डोक्याचा ताप गेला.” त्याचं किराणा दुकान आहे. समोरच्या वाडीतली पाचवी-सहावीतली मुलं त्याच्याकडे साखर, पाव आणि बापासाठी दोन सिगारेटी न्यायला येतात. म्हणून हे लिहितोय.

आधी त्या मुलांचं. सिगारेट आणि इतर तंबाखूजन्य पदार्थांच्या 2003 च्या कायद्याचं कलम 6 सांगतं की 18 वर्षांखालच्या व्यक्तीला विक्री करायची नाही. ती सिगारेट कोण ओढणार, हा प्रश्न तिथे येतच नाही. पैसे मुलाच्या हातातून आले आणि माल मुलाच्या हातात गेला, एवढं पुरे. वय विचारायचं काम कोणाचं, हेही नियमांत स्पष्ट आहे: गिऱ्हाईक अल्पवयीन नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी विकणाऱ्यावर. शंका आली तर ओळखपत्र मागा, नाहीतर देऊ नका. शाळेच्या गणवेशात उभ्या असलेल्या मुलाबद्दल तर शंकेलाही जागा नाही.

मेसेज लिहिणाऱ्याने 200 रुपयांपाशी वाचन थांबवलं. कलम 6 मोडल्याचा दंड खरंच 200 पर्यंतच आहे, आणि इतक्या वर्षांनंतरही तो तेवढाच असावा याचा मला रागच येतो. पण 2015 चा बाल न्याय कायदा वेगळा आहे. त्याचं कलम 77 म्हणतं की जो कोणी मुलाला तंबाखूजन्य पदार्थ देईल किंवा द्यायला लावेल, त्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. सूट फक्त डॉक्टरच्या आदेशाची. ‘द्यायला लावेल’ हे शब्द मुलाला दुकानावर पिटाळणाऱ्या बापानेही नीट वाचावेत. भावाला मी एवढंच कळवलं: 200 च्या भरवशावर तू जे करतोयस, त्याचा हिशेब या कलमाने होऊ शकतो.

सुट्या सिगारेटचं अर्धं खरं आहे. केंद्राच्या 2003 च्या कायद्यात ‘सुटी’ असा शब्द नाही. पण कलम 7 नुसार इशारा छापलेल्या पाकिटाशिवाय विक्री करता येत नाही, आणि पाकिटाच्या दोन्ही बाजूंचा 85 टक्के भाग त्या इशाऱ्याने व्यापलेला असतो. एक कांडी काढून दिली की तो इशारा दुकानातच राहतो. याच कारणाने महाराष्ट्राच्या आरोग्य विभागाने सप्टेंबर 2020 मध्ये सुट्या सिगारेट आणि बिडीच्या विक्रीवर बंदीचा आदेश काढला.

मग सगळीकडे विकतात कशा? कारण पकडणं खरंच अवघड आहे. समजा, दहाच्या पाकिटाची छापील किंमत 170 रुपये आहे. कांडी 17 ला पडते, पण सुट्ट्या पैशांच्या नावाखाली 20 ला जाते. एका पाकिटामागे वरचे 30 रुपये गल्ल्यात. शिवाय कांडीसाठी आलेला माणूस चहा-बिस्किटही घेतो, म्हणून छोटा दुकानदार ती सोडायला तयार नसतो. व्यवहार दहा सेकंदांत उरकतो, बिल नसतं, पुरावा दोन मिनिटांत जळून जातो. फोडलेलं पाकीट सापडलं तर “मी स्वतः ओढतो” हे उत्तर तयार असतं. दोरीला टांगलेला लायटर आणि काउंटरखाली अर्धवट भरलेली तीन वेगवेगळ्या ब्रँडची पाकिटं बघून आत काय चालतं ते कळतं. पण एवढ्यावर विक्री सिद्ध होत नाही, ती डोळ्यांसमोर व्हावी लागते. मुलाच्या बाबतीत तर साक्षीदार ते मूलच, आणि ते दुकानदाराला काका म्हणतं.

वसुलीचा आरोप मी उडवून लावणार नाही, असे प्रकार होतात. पण या कायद्याने दुकानाची झडती घेण्याचा अधिकार पोलिसांत उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याला आहे, शिवाय अन्न व औषध प्रशासनाच्या अधिकाऱ्यांना. शिपाई येऊन गल्ल्यापाशी उभा राहिला तर नाव आणि पद विचारा, दंड भरलात तर पावती मागा.

भावाने मेसेज अजून काढलेला नाही. काल फोनवर म्हणाला, “पोरांना परत पाठवलं तर त्यांचे बाप पलीकडच्या दुकानात जातील.” मी म्हटलं, जाऊ देत. पण त्या पोरांच्या हातात तू देऊ नकोस.