एकशे सोळाचे गणित

ज्या गृहस्थांना मी परवा "9 वॅटचा पांढरा बल्ब संपला आहे" असे नम्रपणे सांगितले, तेच गृहस्थ काही वेळाने समोरच्या दुकानातून तोच बल्ब विकत घेऊन माझ्याकडे परत आले आणि तो माझ्या काउंटरवरच्या होल्डरला लावून दाखवण्याची विनंती त्यांनी मला केली. समोरच्या दुकानात होल्डर बिघडला होता म्हणे. बल्ब लागला, छान लागला, आणि त्या उजेडात माझे रिकामे फडताळ फारच स्पष्ट दिसले.

बुधवार पेठेत विजेच्या सामानाचे दुकान चालवणाऱ्या माणसाला अपमानाची सवय असते, त्यामुळे एवढ्यावर मी लेख लिहिला नसता. परंतु बल्ब नाही हे कळल्यावर समोर जाण्यापूर्वी हे काका माझ्याच स्टुलावर बसले होते आणि माल कधी मागवावा, हे मला शिकवत होते. त्यांच्या एका हातात विजेचे बिल होते आणि दुसऱ्या हातात माझेच पेन.

"मालक, आठवड्याला किती बल्ब जातात?" त्यांनी विचारले.

सरासरी 58, असे मी सांगितले. दहा आठवड्यांचे आकडे माझ्या वहीत आहेत: 52, 61, 47, 58, 70, 55, 49, 66, 60, 62.

"आणि सांगितल्यापासून माल यायला?"

सरासरी दोन आठवडे, असे मी सांगितले, आणि त्यातल्या 'सरासरी' या शब्दावर मी मुद्दाम जोर दिला होता, हे इथे नोंदवून ठेवतो.

काकांनी विजेच्या बिलाच्या पाठीमागे 58 गुणिले 2 असे मांडले, उत्तराखाली दोन रेघा मारल्या आणि बिल माझ्यासमोर धरले. "एकशे सोळा. एकशे सोळा बल्ब उरले की फोन करायचा. ही तुमची रीऑर्डर लेव्हल. चौथीतल्या मुलाला येईल. आमच्याकडे तूरडाळीचे दोन डबे असतात. पहिला संपला की दुसरा उघडायचा आणि त्याच दिवशी वाण्याला सांगायचे. चाळीस वर्षांत डाळ संपलेली नाही."

दोन डब्यांची पद्धत उत्तम आहे आणि मोठ्या कारखान्यांच्या भांडारात नटबोल्ट याच पद्धतीने मागवले जातात. फक्त काकांचा वाणी कोपऱ्यावर आहे आणि माझा पुरवठादार भिवंडीच्या गोदामातून माल पाठवतो. त्याने गेल्या सहा खेपांना घेतलेले दिवस असे आहेत: 10, 14, 9, 21, 12, 18. सरासरी काढली तर बरोबर 14 येते, म्हणजे काका खोटे बोलत नव्हते. पण 116 वर फोन केला असता, तर 18 आणि 21 दिवसांच्या खेपांत माझे फडताळ माल येण्यापूर्वीच रिकामे झाले असते आणि 14 दिवसांच्या खेपेत देवाची कृपा लागली असती. सरासरीवर मागवणारा दुकानदार साधारण निम्म्या खेपांना गिऱ्हाईक परत पाठवतो, कारण निम्म्या वेळा प्रत्यक्षात सरासरीपेक्षा जास्तच लागते. या निम्म्या वेळांसाठी वर जो माल ठेवावा लागतो, त्याला राखीव साठा म्हणतात, आणि सेल्समन मंडळी सेफ्टी स्टॉक म्हणतात. तो किती ठेवायचा, एवढाच खरा प्रश्न आहे. तो काकांच्या बिलाच्या पाठीमागे मावणारा नव्हता.

मी त्यांना समजावण्याचा प्रयत्न केला. विक्री सरासरीपासून किती इकडेतिकडे जाते, हे प्रमाण विचलनाने मोजतात; माझ्या दहा आठवड्यांचे ते सुमारे 7 बल्ब आहे. पुरवठादाराच्या दिवसांचे तेच माप काढले, तर ते 4.7 दिवस, म्हणजे 0.67 आठवडा भरते. शंभरांतल्या 95 खेपांना माल पुरावा, अशी इच्छा असेल तर 1.65 हा गुणक घ्यायचा आणि संगणकावरच्या तक्त्यात पुढील ओळ लिहायची:

```
=1.65*SQRT(2*7^2 + 58^2*0.67^2)
```

उत्तर 66 येते. काकांचे 116 आणि हे 66 मिळून 182. माझी रीऑर्डर लेव्हल 182 होती आणि ती मी पाळलीही होती.

या ओळीतली गंमत मुळाच्या आतल्या दोन तुकड्यांत आहे. पहिला तुकडा गिऱ्हाइकांच्या लहरीचा आहे आणि त्याची किंमत 98 होते. दुसरा पुरवठादाराच्या लहरीचा आहे आणि त्याची किंमत 1510 होते. म्हणजे पुरवठादार दर वेळी न चुकता चौदाव्या दिवशी आला असता, तर राखीव म्हणून 16 बल्ब पुरले असते. उरलेले 50 बल्ब मी गिऱ्हाइकांसाठी ठेवत नाही; ते एका माणसाच्या "गाडी निघाली आहे" या वाक्यासाठी ठेवतो. 70 रुपये खरेदीच्या भावाने हे साडेतीन हजार रुपये झाले, आणि दुकानात बल्ब ही एकच वस्तू नाही. तरीही आमच्या रस्त्यावरचे सगळे दुकानदार विक्रीचा आकडा रोज रात्री लिहितात आणि ऑर्डर कोणत्या तारखेला दिली, हे मात्र कोणीही लिहून ठेवत नाही. बिलावर माल पाठवल्याची तारीख असते, बिल्टीवर गाडीत भरल्याची असते. फोन केल्याची तारीख कुठेच नसते, आणि दिवस तर फोनपासून मोजायचे असतात.

"मग 182 ठेवूनही माल संपला कसा?" काकांनी विचारले. प्रश्न रास्त होता आणि म्हणूनच मला तो आवडला नाही.

या वेळी माल यायला शेवटी 26 दिवस लागले; काका आले तेव्हा तो अजून वाटेतच होता. गोदामाबाहेर पडलेले खोके ट्रान्सपोर्टवाल्याकडे गाडी भरण्याची वाट पाहत पडून राहिले होते आणि त्या काळात मला रोज गाडी निघाल्याचे सांगण्यात येत होते. शंभरांतल्या 95 खेपांची हमी म्हणजे उरलेल्या पाच खेपा कोणाच्या तरी वाट्याला येणारच. मी एका वेळी 300 बल्ब मागवतो, म्हणजे वर्षाला साधारण दहा खेपा होतात, त्यामुळे कागदावर मला दोन वर्षांतून एकदा तोंड लपवावे लागेल. प्रत्यक्षात जास्त वेळा लागेल, कारण ते 1.65 अशा गृहीतावर उभे आहे की उशीर आणि घाई दोन्ही बाजूंना सारखेच घडतात. माल 14 दिवसांऐवजी दोन दिवसांत आल्याचे मी कधी पाहिलेले नाही. 26 दिवसांत आल्याचे आता पाहिले आहे.

हे सगळे ऐकून घेतल्यावर काकांनी माझी वही स्वतःकडे ओढली आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवले. त्या आठवड्यात फक्त 19 बल्ब विकले गेले होते.

"हे बघा," ते विजयी स्वरात म्हणाले, "मागणी पडली आहे. हा आठवडा धरून सरासरी काढा, 54 येते. तुम्ही उगाच जास्त मागवता!"

मी त्यांच्याकडे बराच वेळ पाहत राहिलो. बल्ब घेण्यासाठी नारायण पेठेतून चालत आलेला आणि बल्ब न मिळाल्याने माझ्या स्टुलावर बसलेला हा माणूस मला मागणी पडल्याचे सांगत होता. त्या आठवड्यात 19 बल्ब पहिल्या दोन दिवसांतच संपले होते आणि पुढचे चार दिवस विकायला काही नव्हते. दोन दिवसांत 19, म्हणजे सहा दिवसांच्या आठवड्याला 57. मागणी होती तिथेच होती. वहीत विक्री दिसते, रिकाम्या हाताने गेलेली माणसे दिसत नाहीत, आणि काका स्वतः त्या न दिसणाऱ्या माणसांपैकी एक होते. ज्या आठवड्यात माल संपला, तो आठवडा तसाच सरासरीत धरला की रीऑर्डर लेव्हल खाली येते, खाली आली की माल आणखी लवकर संपतो आणि मग सरासरी पुन्हा घसरते. काही वर्षे असे केले की दुकानात कोणतीच मागणी उरत नाही आणि गणित अगदी बरोबर जुळते.

याच्या उलट बाजूने वही फसवते ती एखाद्या वायरमनने सोसायटीच्या जिन्यांसाठी एकदम 80 बल्ब नेले की. ती विक्री मी आठवड्याच्या आकड्यात धरत नाही. तिच्यासाठी आगाऊ सांगायला लावतो आणि माल वेगळा मागवतो, नाहीतर एका जिन्यासाठी वर्षभर राखीव साठा फुगून बसतो.

"ते राहू द्या," काका म्हणाले. "आता फडताळ रिकामे आहे ना? मग आजच्या आज आणखी 300 सांगा." वाटेत असलेले 300 त्यांच्या हिशेबात नव्हते. रीऑर्डर लेव्हलशी तुलना करायची ती फडताळातला आणि वाटेतला माल मिळून, हे मी सांगायला तोंड उघडले, तोवर ते समोरच्या दुकानाची पायरी चढत होते.

नवी 26 दिवसांची खेप मी हिशेबात घातली. सरासरी 16 दिवसांच्या घरात गेली, प्रमाण विचलन सहा दिवसांच्या वर गेले, राखीव साठा 87 झाला आणि रीऑर्डर लेव्हल 182 वरून 217 वर पोहोचली. सात खेपांच्या आधारावर काढलेला आकडा फार विश्वासाचा नाही, हे मला ठाऊक आहे. एका उशिराने तो 35 बल्बांनी हलला, यातच ते दिसते. पण हातात दुसरे काही नाही.

मग पुरवठादाराला फोन करून मी विचारले की कमी दिवसांत नको, पण ठरलेल्या दिवशी माल देता येईल का. तो आनंदाने हो म्हणाला. चौदाव्या दिवशी नक्की, शब्द दिला, फक्त प्रत्येक वेळी तीन खोक्यांऐवजी पाच खोकी घ्यावी लागतील. एका खोक्यात 100 नग असतात. दर खेपेला 200 बल्ब जास्त म्हणजे दुकानात सरासरी 100 बल्ब जास्त पडून राहणार, सात हजार रुपयांचे. आणि त्याने दिलेला शब्द पाळला, तरी माझे राखीव साठ्यातले वाचणार 71 बल्ब, पाच हजारांचे. तोही शब्द गाडी निघाल्याचे रोज सांगणाऱ्या माणसाचा. मी तीनच खोकी सांगितली आणि फोन केल्याची तारीख वहीत लिहिली.