पाचावर पंधरा, की सरळ दहा?

रविवारी कट्ट्यावर विषय काढला मंग्याने. त्याच्या मेडिक्लेमचं रिन्यूअल दोन महिन्यांवर आलंय. तो, बायको, मुलगी आणि आई, चौघांत मिळून पाच लाखांची फ्लोटर. शेजारच्या काकांच्या बायपासचं बिल बघितल्यापासून ते पाच लाख त्याला फार तोकडे वाटायला लागलेत.

"एजंट म्हणतो बेस, म्हणजे आहे ती मूळ पॉलिसी, दहा लाखांवर न्या. हप्ता नऊ हजारांनी चढतोय. आणि पाचावर पंधरा लाखांचा टॉप-अप साडेतीन हजारांत मिळतोय. मग नऊ कशाला घालू?"

"घालूच नकोस," सुहास. स्वस्तात मिळतंय म्हटलं की सुहासचं मत तयारच असतं.

वैभव हॉस्पिटलच्या इन्शुरन्स डेस्कवर बसतो, त्यामुळे या विषयात त्याच्यापुढे आमचं काही चालत नाही. त्याने विचारलं, "टॉप-अप, की सुपर टॉप-अप?"

"एकच ना ते?"

"एकच कसं? दोन्हींत पाच लाखांचं डिडक्टिबल असतं, म्हणजे पहिले पाच लाख तुझे. मग ते बेसमधून दे नाहीतर खिशातून. पण साधा टॉप-अप प्रत्येक अ‍ॅडमिशनचं बिल वेगळं मोजतो. समज, जूनमध्ये आईचं चार लाखांचं ऑपरेशन झालं, नोव्हेंबरमध्ये तू साडेचार लाखांचं बिल करून आलास. बेसने जूनचे चार दिले, नोव्हेंबरला त्यात उरला एक. साडेतीन लाख लटकले. टॉप-अप म्हणणार, एकही बिल पाचाच्या वर नाही, आम्ही काही देणं लागत नाही. सुपर टॉप-अप वर्षाची बेरीज धरतो. साडेआठातून पाच गेले, साडेतीन तो देतो."

"पण माझ्या बेसला रिस्टोअर आहे ना! संपलेली रक्कम परत भरते."

"भरते. पण कुठे फक्त दुसऱ्या आजाराला, कुठे फक्त दुसऱ्या माणसाला. तुझ्यात काय लिहिलंय ते वाचलंस का?" मंग्याने चहाचा कप उचलला.

"म्हणजे सुपर टॉप-अप घे. विषय संपला," सुहास.

"नाही संपला. मंग्या, तुझ्या पॉलिसीत रूम रेंटची मर्यादा आहे?"

मंग्याने फोनवर पीडीएफ उघडली. होती: विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला पाच हजार.

वैभवने सुहासच्या पेपरच्या कडेला आकडे मांडले. बिल सहा लाखांचं, खोली आठ हजारांची. औषधं, इम्प्लांट, तपासण्या मिळून दोन लाख. त्यांना सहसा कात्री लागत नाही. उरलेले चार लाख खोली, ओटी, सर्जन आणि नर्सिंगचे. हे दर खोलीच्या वर्गाप्रमाणे बदलत असतील, तर मर्यादा पाच हजार आणि खोली आठ हजारांची म्हणून बेस त्यातला पाच-अष्टमांशच देणार, म्हणजे अडीच लाख. एकूण मिळाले साडेचार. सुपर टॉप-अपला रूमची मर्यादा नाही, म्हणून त्याने पूर्ण सहा लाख मान्य धरले, पाच वजा केले आणि एक दिला.

"पन्नास हजार कुठे गेले?" मंग्या.

"तुझ्या खिशातून. बेसने पूर्ण पाच दिले की नाही, याच्याशी सुपर टॉप-अपला देणंघेणं नाही."

"मग एजंटचंच खरं की! दहा लाखांचा एक टक्का म्हणजे दहा हजारांची खोली."

या बिलापुरतं खरंच होतं, दहाच्या बेसने सहाही लाख दिले असते. शिवाय एकच कंपनी, एकच क्लेम. दोन कंपन्या असल्या की पहिलीचं सेटलमेंट लेटर आणि बिलांच्या साक्षांकित प्रती दुसरीकडे नेत बसावं लागतं, आणि वरची रक्कम बऱ्याचदा आधी आपण भरून मागून घ्यावी लागते. डिस्चार्जच्या दिवशी लाखभर कुठून आणायचे, हा प्रश्न हप्त्याच्या तक्त्यात दिसत नाही. पण बिल चौदा लाखांवर गेलं तर दहाचा बेस दहालाच थांबतो, हेही आहेच.

मी वैभवच्या बाजूने. त्याचं म्हणणं, दुखणं पाच लाखांच्या आकड्यात नाही, रूमच्या अटीत आहे. "रूमची मर्यादा नसलेल्या पाच लाखांच्या पॉलिसीवर पोर्ट हो, म्हणजे रिन्यूअलला कंपनी बदल. आधीच्या आजारांना कव्हर मिळेपर्यंत थांबावं लागतं ते वेटिंग. जुन्या पाच लाखांपुरती त्याची भरलेली वर्षं सोबत येतात. त्यावर पाचच्याच डिडक्टिबलचा सुपर टॉप-अप, जमलं तर त्याच कंपनीचा."

"आणि आईचा डायबेटीस?"

"सुपर टॉप-अपमध्ये त्याचं वेटिंग नव्याने लागेल, जास्तीत जास्त तीन वर्षं. पण बेस दहा केलास तरी वाढलेल्या पाचाला तेच. फॉर्मवर डायबेटीस लिहायला मात्र विसरू नकोस. आणि पोर्टचा अर्ज रिन्यूअलच्या निदान दीड महिना आधी टाक. तुझ्या आईचं वय बघून नवी कंपनी नाही म्हणू शकते."

"नाही म्हणाली तर?"

"तर आहे ती सोडू नकोस. तिचाच बेस वाढवून रूमची मर्यादा वर ने, नऊ हजार भर," वैभव म्हणाला. सुहासला हे शेवटपर्यंत पटलं नाही. पाच हजारांच्या आतली खोली घ्यायची, एवढं सोपं आहे, असं त्याचं म्हणणं. त्यावर वैभवने फक्त विचारलं, "रात्री दोनला अ‍ॅडमिट करताना तीच खोली रिकामी असेल?"