'कोर्ट'चा शेवट तिथंच का होतो

"सुट्टी लागली, दिवे गेले, अंधार झाला. पिक्चर तिथंच संपवायचा की! पुढं जजची सहल कशाला?"

संजू, सोलापुरात 'कोर्ट' बघून आपल्यातले बरेच जण असंच म्हणत उठले. त्यांना खटला चाललेल्या शाहीर कांबळेंचा निकाल हवा होता. पण दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणे आधीपासून वकिलांच्या मागं त्यांच्या घरापर्यंत जातो. सरकारी वकीलबाई कोर्टातून येऊन स्वयंपाकाला लागतात, ते आठव. राहिले होते न्यायाधीश. ते रिसॉर्टवर बाकावर डुलकी घेतात, पोरं ओरडून उठवतात, ते एकाच्या थोबाडीत देतात आणि पुन्हा डोळे मिटतात. जामीन नाकारणारा माणूस सुट्टीवर, कांबळे अजून कोठडीतच. अंधारावर थांबला असता, तर सगळा दोष त्या इमारतीवर गेला असता, माणसं सुटली असती.