पैसे कापले गेले, तरी पान ‘प्रलंबित’ का दाखवत होतं?

★☆☆☆☆ “हापूसच्या पेटीसाठी क्यूआर स्कॅन करून 1,850 रुपये भरले. बँकेचा मेसेज लगेच आला, पण यांची वेबसाइट ‘पेमेंट प्रलंबित’च म्हणत राहिली. स्क्रीनशॉट पाठवला तरी ऑर्डर पक्की केली नाही. ग्राहकावर विश्वास नाही का?”

नमस्कार. तुमच्या हातात पैसे गेल्याचा मेसेज आणि समोर ‘प्रलंबित’ हा शब्द, यात जीव टांगणीला लागणारच. तुमच्या ऑर्डरची नोंद तपासली, त्यात दिसलं ते इथे सांगतो.

क्यूआरमध्ये आमचा यूपीआय आयडी, रक्कम आणि `tr` या नावाखाली तुमच्या ऑर्डरचा क्रमांक असतो. तुमचं अ‍ॅप तो वाचून पैसे पाठवतं, पण आमच्या वेबसाइटला काहीच कळवत नाही. ती खबर बँकांकडून पेमेंट गेटवेकडे, म्हणजे आमच्यासाठी ऑनलाइन पैसे स्वीकारणाऱ्या सेवेकडे, आणि तिथून आमच्या सर्व्हरकडे येते. दुकानातला ‘इतके रुपये मिळाले’ म्हणणारा स्पीकरही तुमच्या फोनवरून नाही, असाच सर्व्हरकडून आलेल्या खबरीवरून बोलतो.

तुमचा क्यूआर रात्री 9:12 ला तयार झाला. समोरचं पान दर 5 सेकंदांनी आमच्या सर्व्हरला ‘पैसे आले का?’ विचारत होतं आणि 5 मिनिटांनी ते विचारणं थांबलं. सर्व्हरने मात्र पाठपुरावा सोडला नव्हता. 9:20 ला त्याने स्वतःहून गेटवेला विचारलं, तेव्हा उत्तर ‘पेंडिंग’ आलं. म्हणजे तुमच्या खात्यातून रक्कम निघाली होती, पण आमच्या बाजूला जमा झाल्याची पुष्टी बँकांच्या साखळीत अडकली होती. 9:31 ला गेटवेचा कॉलबॅक, म्हणजे पैसे जमा झाल्याचा त्याने सर्व्हरला स्वतःहून पाठवलेला संदेश, आला. त्यावरची डिजिटल सही, ऑर्डर क्रमांक आणि रक्कम जुळल्यावर त्याच मिनिटाला ऑर्डर पक्की झाली आणि ईमेल गेला. तुमच्यासमोरचं पान तोवर थांबलेलं होतं, म्हणून रिफ्रेश करेपर्यंत त्यावर जुनाच शब्द राहिला.

स्क्रीनशॉटचं म्हणाल, तर शंका तुमच्यावर नव्हती. तसं चित्र कुणीही बनवू शकतं, आणि खरा असला तरी तो फक्त तुमच्या बाजूचं सांगतो. रक्कम इकडे पोहोचली की वाटेत अडकली, हे त्यात दिसत नाही. त्यापेक्षा व्यवहाराचा 12 अंकी यूटीआर, म्हणजे बँकेचा संदर्भ क्रमांक, पाठवलात, तर आम्ही तोच क्रमांक देऊन गेटवेकडे शोध घेऊ शकतो.

पुन्हा असं झालं तर घाईने नवी ऑर्डर करून दुसऱ्यांदा पैसे भरू नका. नव्या ऑर्डरचा क्यूआर वेगळा असतो, त्यामुळे दोन्ही रकमा जमा होतात आणि एक परत करावी लागते. पैसे कापले जाऊन विक्रेत्याला पुष्टी मिळालीच नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या 2019 च्या परिपत्रकानुसार 5 दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत, आणि त्यापुढे उशीर झाल्यास दिवसाला 100 रुपये भरपाई मिळते.

तुमची पेटी आज सकाळी रवाना झाली आहे. ट्रॅकिंग क्रमांक त्याच ईमेलवर पाठवला आहे.