ब्लू चीजसोबत लागर: एका प्रतिक्रियेला उत्तर

“तुमचा लेख वाचून उत्साहाने ब्लू चीज आणले आणि घरात असलेली लागर थंडगार करून सोबत घेतली. बियर पाण्यासारखी लागली, चीज मात्र आणखी खारट झाले. शेवटी रेड वाइनच उघडली. चीजसोबत वाइन ही शतकांची परंपरा आहे, ती उगीच नाही. बियर तहान भागवायला ठीक, चीजच्या ताटाशी तिचा काय संबंध?” (एक वाचक)

नमस्कार,

तुमच्या फसलेल्या प्रयोगाचा अर्धा दोष माझ्याकडे येतो. मूळ लेखात मी ‘चीजसोबत बियर घेऊन पाहा’ असे मोघम लिहून गेलो आणि कोणती बियर हे सांगायचे राहून गेले. ‘जेवणासोबत भाजी घ्या’ म्हणण्याइतकेच ते निरुपयोगी वाक्य होते. लागर हलकी, स्वच्छ चवीची आणि साधारण पाच टक्के अल्कोहोलची असते. ब्लू चीजमध्ये मीठ, चरबी आणि निळ्या बुरशीचा तिखटपणा असे तिन्ही भरपूर असते. या सामन्यात बियर हरणारच होती, आणि चीजचे मीठ झाकायला दुसरे काहीच नसल्यामुळे ते अधिक खारट लागले. इतक्याच हलक्या, कोरड्या व्हाइट वाइनचीही तीच गत झाली असती.

परंपरेबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगतो. इंग्लंडच्या वाइन व्यापाऱ्यांत जुनी म्हण आहे: वाइन विकत घेताना सफरचंदासोबत चाखावी, विकताना चीजसोबत द्यावी. चीजमधली प्रथिने आणि चरबी रेड वाइनच्या टॅनिनचा तुरटपणा दाबतात, त्यामुळे सामान्य वाइनही मऊ आणि बरी वाटते. फायदा झाला तो वाइनचा. चीजच्या पदरात काय पडले, हा प्रश्न राहतोच. बियरमध्ये टॅनिन फार कमी असते. तिच्यातला कार्बन डायऑक्साइड जिभेवर बसलेला चरबीचा थर खरवडून काढतो आणि हॉप्स या वेलीच्या फुलांचा कडवटपणा तोंड कोरडे करतो, म्हणून पुढचा घास पहिल्यासारखाच लागतो. शिवाय बियरच्या भाजलेल्या माल्टमध्ये, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्यात, पाव, कॅरमेल, सुकामेवा यांच्या चवी असतात, आणि मुरलेल्या चीजमध्येही त्याच जातीच्या चवी सापडतात. द्राक्षाच्या रसात त्या सहसा नसतात.

सौम्य चीजचे फार लांबवत नाही. ताजे मोझरेला, रिकोटा किंवा शेळीच्या दुधाचे ताजे मऊ चीज यांना बेल्जियन पद्धतीची विटबियर शोभते. तिच्यात माल्ट न केलेला गहू, संत्र्याची साल आणि चक्क धणे असतात. धण्यांचा तो हलका लिंबाळ वास दुधाच्या गोडसर चवीला उठाव देतो. इथे आयपीए, म्हणजे भरपूर हॉप्सची कडवट बियर, ओतली तर चीज नाहीसेच होते.

तिखट, मुरलेल्या चेडारची गोष्ट उलट आहे. वर्षभर किंवा त्याहून अधिक मुरलेल्या चेडारमध्ये मीठ चांगलेच जाणवते, आणि मीठ कडवटपणाची धार बोथट करते. कैरीच्या फोडीला मीठ लावणाऱ्यांना मिठाची ही करामत वेगळी सांगायला नको. म्हणून एरवी कडू वाटणारी आयपीए अशा चेडारसोबत एकदम गोल, फळांच्या चवीची लागते. मात्र ज्या आयपीएमध्ये माल्टचा आधारच नाही, नुसता हॉप्सचा मारा आहे, ती टाळावी. इंग्लिश पेल एल किंवा बिटर त्यापेक्षा अधिक भरवशाचे. इंग्लंडच्या पबमध्ये चेडार, पाव आणि लोणच्यासोबत ते उगीच देत नाहीत.

आता उग्र चीजकडे येतो, कारण तुमचा खरा आक्षेप तिथेच आहे. उग्र चीजचे दोन प्रकार वेगळे धरावे लागतात. पहिला धुतलेल्या सालीच्या चीजचा. ही चीज मुरत असताना त्यांची साल मिठाच्या पाण्याने, कधी दारूने वा बियरने पुसत राहतात. त्या ओलाव्यावर नारिंगी जिवाणू वाढतात आणि पायमोज्यांची आठवण करून देणारा वास येतो. बेल्जियममधल्या शिमे गावाजवळच्या स्कुरमाँ मठात साधूंनी 1862 पासून बियर आणि 1876 पासून चीज बनवले, आणि त्यांच्या एका चीजची साल त्यांच्याच बियरने धुतली जाते. त्यामुळे ‘चीजच्या ताटाशी बियरचा काय संबंध’ या प्रश्नाचे उत्तर त्या मठाच्या तळघरात दीड शतक मुरते आहे. अशा चीजसोबत गडद, गोडसर, मनुका-अंजिराच्या चवीची बेल्जियन स्ट्राँग एल घ्यावी. रेड वाइन घेतली तर सालीच्या अमोनियापुढे टॅनिन धातूसारखे लागते. मी हा उद्योग एकदा केला आहे आणि पाहुण्यांसमोर केला आहे.

दुसरा प्रकार तुमच्या ब्लू चीजचा. स्टिल्टन या इंग्लिश ब्लू चीजसोबत पोर्ट वाइन ही जोडी उत्तम आहे, हे मी विनातक्रार मान्य करतो. पण ती का जमते ते पाहा. पोर्ट गोड, दाट आणि साधारण वीस टक्के अल्कोहोलची असते. गोडव्याने मीठ सावरले जाते आणि दाटपणा चीजच्या वजनाला पुरतो. बियरमध्ये हेच काम बार्लीवाइन किंवा इम्पीरियल स्टाउट यांसारखी दाट, जास्त अल्कोहोलची बियर करते. नेहमीची आयरिश स्टाउट काळी दिसते म्हणून फसू नका. ती चार-साडेचार टक्क्यांची आणि कोरडी असते, ब्लू चीजपुढे तीही लागरसारखीच पातळ पडते. निवड रंगावरून करू नये, गोडवा आणि अल्कोहोल यांवरून करावी.

पुन्हा प्रयत्न करणार असाल तर असे करा. वीस-पंचवीस ग्रॅम चीज पाऊण तास आधी फ्रीजबाहेर काढा. पुण्याच्या मे महिन्यात पंधरा-वीस मिनिटे पुरतात, नाहीतर चरबी सुटून चीजला घाम येतो. इम्पीरियल स्टाउट फ्रीजबाहेर काढून बारा-तेरा अंशांपर्यंत येऊ द्या, कारण थंडगार बियरमध्ये माल्टची चव उमलतच नाही आणि चीजची चरबी तोंडात घट्ट होते. तुमच्या प्रयोगात हीदेखील एक चूक होती. आधी बियरचा एक घोट एकटा घ्या. मग चीजचा लहान तुकडा जिभेवर विरघळू द्या आणि तो गिळण्याआधीच दुसरा घोट घ्या. गिळल्यानंतर दहा सेकंदांनी तोंडात फक्त खारटपणा उरला तर बियर कमी पडली, फक्त जळक्या कॉफीची चव उरली तर चीज कमी पडले. जोडी जमली असेल तर ब्लू चीजमध्ये आधी न जाणवलेला सायीचा गोडवा पुढे येतो आणि स्टाउट चॉकलेटसारखी लागते. मी हे केले तेव्हा शंभर मिलिलिटर बियर दोघांना पुरली; दहा टक्क्यांच्या बियरचा मोठा ग्लास भरायचे कारणही नाही.

वाइनला मी हद्दपार करतो आहे, असे कृपया समजू नका. फ्रान्समधल्या शाविन्योलचे शेळीचे चीज आणि शेजारच्याच सान्सेरची व्हाइट वाइन एकत्र असतील, तर माझी विटबियर बाजूला राहील. आणि तुमच्याकडे लागर उरली असेल, तर ती तशीच थंड करा आणि ताज्या मोझरेलासोबत उघडा. तिथे ती पाण्यासारखी लागणार नाही.